रोजकीर्द सोळा अक्षरांची

मूलहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वैनगंगेच्या अलीकडे सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. २२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळली गेली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली, तेव्हा या रस्त्यावरची रहदारीही थांबली. शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि शिक्षक व विद्यार्थी घरात बसले. ३१ मेपर्यंत टाळेबंदीचे अडुसष्ट दिवस भरले. त्या काळात महाराष्ट्रातील अनेक सुशिक्षित घरांत एक नवा परिपाठ सुरू झाला : रोज एक छोटी कविता लिहावयाची आणि भ्रमणध्वनीवरून ती दहा-वीस परिचितांना धाडावयाची. पहिल्या आठवड्यात हा उत्साह दांडगा होता. पुढे कविता एकसारख्या दिसू लागल्या आणि मे महिना उजाडेपर्यंत बहुतेकांची लेखणी थांबली.

हे लेखन फसले कशामुळे, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. प्रतिभेची उणीव हे त्याचे सोपे उत्तर. पण ते पुरेसे नाही. प्रत्येक दिवशी एक स्वतंत्र, उत्तम कविता निर्माण करावयाची, ही अपेक्षाच चुकीची होती, हे खरे कारण आहे. रोजच्या कवितेचा खरा नातलग कवितासंग्रह नसून दुकानदाराची रोजकीर्द आहे. रोजकीर्दीत ज्या दिवसाचा व्यवहार त्याच दिवशी, तारखेसह लिहिला जातो. व्यवहार लहान आहे म्हणून तो वगळला जात नाही आणि दुसऱ्या दिवशी अधिक चांगला आकडा सुचला म्हणून खोडलाही जात नाही. कोणत्या खात्यात काय जमा झाले, हे पुढे खतावणीत कळते. दैनंदिन कवितेची किंमतही अशीच, सबंध वही एकत्र वाचल्यावर ठरते. हा हिशेब ज्यांनी ध्यानात घेतला नाही, त्यांची वही पंधरा दिवसांतच बंद पडली.

या प्रकारच्या वहीचे बहुधा सर्वांत बोलके उदाहरण जपानात सापडते. हायकू हे नाव आज ज्या अर्थाने जगभर रूढ आहे, तो अर्थ स्थिर करणारा कवी मासाओका शिकी १८६७ साली जन्मला आणि १९०२ च्या सप्टेंबरात, वयाची पस्तिशी गाठण्यापूर्वीच वारला. क्षयाने त्याचा पाठीचा कणा पोखरला होता. अखेरची काही वर्षे तो तोक्योच्या नेगिशी भागातील एका लहान घरात अंथरुणाला खिळून होता. १८९९ च्या डिसेंबरात शिष्यांनी त्याच्या खोलीच्या कागदी सरकत्या दारात काचा बसवून दिल्या. पडल्या पडल्या बाहेरची छोटी बाग दिसावी, एवढाच त्यामागचा हेतू. त्यानंतर त्याचे जग म्हणजे त्या काचेतून दिसणारी बाग, उशाजवळच्या वस्तू आणि घरात येणारी-जाणारी माणसे.

एवढ्या जगातून त्याने काय काढले, ते पाहण्यासारखे आहे. ‘निप्पोन’ या दैनिकात १९०१ साली त्याचे ‘बोकुजू इत्तेकी’, म्हणजे ‘शाईचा एक थेंब’, हे सदर चालू होते. त्यात एप्रिलच्या अखेरीस एके दिवशी त्याने मेजावरच्या फुलदाणीत ठेवलेल्या फुलांच्या घोसावर दहा छोट्या कविता दिल्या. उताण्या पडलेल्या माणसाला तो घोस जेवढ्या उंचीवरून आणि ज्या कोनातून दिसतो, त्या मोजमापावरच ही मालिका उभी आहे. उभ्या माणसाला ती लिहिता आली नसती. चित्रकार जसा समोरची वस्तू पाहून रेखाटन करतो, तसे शब्दांनी करावे, हा शिकीचा आग्रह होता. अंथरुणात त्याच आग्रहाने त्याला तारले. दुःखाविषयी रोज काही नवे सांगणे कोणालाही शक्य नाही, परंतु दाराबाहेरच्या वेलाची स्थिती रोज थोडी बदलतेच.

१९०२ च्या मे महिन्यात त्याने त्याच दैनिकात ‘ब्योशो रोकुशाकु’ हे सदर सुरू केले. नावाचा अर्थ साधारणतः ‘सहा फुटांचे रुग्णशय्येचे जग’ असा होईल. ५ मेपासून १७ सप्टेंबरपर्यंत त्याचे १२७ भाग छापून आले. त्यांत गद्य अधिक, पण अधूनमधून कविताही आहेत. हात चालत नसे, तेव्हा तो शिष्यांना मजकूर सांगे. प्रकृतीची काळजी वाटून संपादकाने मध्येच एके दिवशी सदराला सुटी दिली. शिकीने तत्काळ पत्र धाडून कळविले, की सकाळी अंक उघडला आणि आपले लेखन न दिसल्याने रडू कोसळले. हा प्रसंग महत्त्वाचा आहे. उद्या कोणी तरी वाट पाहणार आहे, ही जाणीव लिहिणाऱ्याला उठवून बसविते.

मात्र शिकीजवळ दुसरीही एक वही होती, हे विसरता कामा नये. १९०१ च्या सप्टेंबरपासून तो एक खासगी टिपणवही ठेवू लागला. ती त्याने छापण्यासाठी लिहिली नव्हती. काय खाल्ले, पोट साफ झाले की नाही, जखमांच्या पट्ट्या केव्हा बदलल्या, कोण भेटून गेले, वेदना किती झाली, हे तीत येते. मध्येच चित्रे येतात, हायकू येतात. त्याची शुश्रूषा आई आणि बहीण रित्सु करीत. या वहीत बहिणीवरचा रागही आहे आणि ती नसेल तर हे घर एक दिवसही चालणार नाही, याची कबुलीही आहे. दुकानदार जशी कच्ची वही वेगळी ठेवतो, तशी ही त्याची कच्ची वही होती. वाचकासमोर जाणारे लेखन हळूहळू वाचकाला आवडेल असे होऊ लागते, यावर उपाय म्हणून अशी न दाखवावयाची वही उपयोगी पडते. २०२० मध्ये ज्यांनी केवळ वाहवा मिळविण्यासाठी रोजची कविता धाडली, त्यांच्याजवळ कच्ची वही नव्हती. दहाव्या दिवशी ते पाहण्याऐवजी प्रतिसादाचा अंदाज बांधू लागले होते.

आपल्याकडेही याचे एक मोठे उदाहरण आहे. १९४० च्या सप्टेंबरात रवींद्रनाथ ठाकूर कालिम्पाँग येथे गंभीर आजारी पडले. त्यांना कलकत्त्याला जोडासाँको येथील घरी आणि नंतर शांतिनिकेतनात नेण्यात आले. त्या काळातील छोट्या कवितांचा ‘रोगशय्याय’ हा संग्रह त्याच वर्षी निघाला. त्यातील कवितांखाली स्थळ आणि तारीख दिलेली आहे. तारखांमुळे त्या सुट्या रचनांची मालिका होते. रात्र कशी गेली आणि सकाळी काय दिसले, याचा माग वाचकाला लागतो.

आता मराठीत असे लेखन करावयाचे तर घाट कोणता घ्यावा ? शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजविला आणि तो येथे तीन ओळींचा झाला. जपानीतील पाच-सात-पाच या सतरा ध्वन्येककांचा हिशेब मराठीत सहसा काटेकोरपणे पाळला जात नाही. चारोळी लोकप्रिय आहे. पण शेवटच्या ओळीत कलाटणी देण्याची तिला सवय जडली आहे, आणि रोज कलाटणी देणे म्हणजे रोज एक युक्ती शोधणे. झाडीपट्टीतल्या माणसाला तर चारोळी म्हटले की आधी चाराच्या झाडाचे बी आठवते, हा भाग वेगळा. या कामाला जवळचा घाट घरातच आहे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि अखेरीस यमक. जोडाक्षर एकच मोजावयाचे. एकूण अक्षरे सोळा, म्हणजे हायकूपेक्षाही एक कमी. अडुसष्ट दिवसांची सर्व अक्षरे मिळून १,०८८ होतात. शाळेच्या वहीची दोन-तीन पानेही भरणार नाहीत. ज्या दिवशी अंगात ताप आहे आणि मनात काही नाही, त्या दिवशीही हे काम पुरे होऊ शकते. दैनंदिन घाटाची हीच कसोटी होय : सर्वांत वाईट दिवशी तो पेलला पाहिजे.

हे कसे चालते, ते पाहण्यासाठी त्या अडुसष्ट दिवसांतील सावलीच्या एका शिक्षकाची वही कल्पू या. व्यक्ती कल्पित आहे आणि पुढील ओळी केवळ उदाहरणासाठी जुळविल्या आहेत. पहिल्या दिवशी, २५ मार्चला, त्याने लिहिले :

थांबले हे सारे जग
मनी एक तगमग

अक्षरे बरोबर, यमकही बरोबर. तरी नोंद वाया गेली. तिची परीक्षा सोपी आहे. वरची तारीख झाकून ती एप्रिलच्या किंवा मेच्या कोणत्याही पानावर ठेवून पाहावी. ती कोठेही बसते, म्हणजे कोणत्याही दिवसाची नाही. ती सावलीची नाही, तशी सांगलीचीही नाही. ‘जग’, ‘मन’, ‘शांतता’, ‘भीती’ असे शब्द एका आठवड्यात तीनदा आले, की वही बातम्यांवर जगू लागली असे समजावे. चार दिवसांनी त्याला समोरच्या घराची ओसरी दिसते :

येई मोहाचा हा वास
टोपली ती खुंटीपास

मोहाची फुले रात्री व पहाटे गळतात आणि उजाडताच वेचावी लागतात. मार्च-एप्रिल हा त्यांचा हंगाम. या पट्ट्यातील अनेक कुटुंबांना त्यातून वर्षाची पहिली रोकड मिळते. वाळविलेली फुले घरातही लागतात. अशा सकाळी टोपली खुंटीजवळच असावी, हे एरवी घडत नाही. कवीने येथे काहीही समजावून सांगितलेले नाही. त्याला जे दिसले, तेवढे त्याने मांडले. या ओळींतील दोष मात्र लपविण्याचे कारण नाही. ‘हा’ आणि ‘ती’ हे शब्द केवळ अक्षरसंख्या भरण्यासाठी आले आहेत. ते खोडले तर अर्थाचे काही बिघडत नाही, हीच भरतीच्या शब्दाची खूण. कच्च्या नोंदीत ते चालतात. पण रोज तेच दोन भरतीचे शब्द येऊ लागले, तर लिहिणारा अक्षरे मोजतो आहे, पाहत नाही, असे समजावे.

५ एप्रिलच्या रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे लावण्यात आले. त्या रात्री त्या विषयावर असंख्य कविता लिहिल्या गेल्या असतील. शिक्षकाच्या वहीत त्या रात्रीची नोंदच नाही. ६ एप्रिलची आहे :

आज नाही काही नवे
कालचेच दोन दिवे

उंबरठ्यावर राहिलेल्या विझलेल्या पणत्या त्याने सकाळी पाहिल्या. एकटी वाचली तर ही ओळ अगदी सामान्य आहे. वर ६ एप्रिल ही तारीख असली म्हणजे ती बोलू लागते. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला त्या रात्रीच्या गजबजलेल्या वर्णनापेक्षा दुसऱ्या सकाळचा उंबरठा अधिक काही सांगेल. तारीख हा या कवितेचा तिसरा चरण आहे, असे म्हटले तरी चालेल.

१६ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदिवासी व वननिवासी लोकांना गौण वनोपज गोळा करण्याची सूट दिली. कागदावरची सूट गावात कधी पोहोचते, हे कोणत्याही अहवालात सापडत नाही. वहीत १८ एप्रिलची नोंद आहे :

रिती खुंटी भिंतीवर
टोपली ती वाटेवर

२९ मार्च आणि १८ एप्रिल या दोन नोंदींच्या मध्ये मोहाच्या हंगामातले वीस दिवस आहेत. शेजारच्या घराचे किती नुकसान झाले असेल, याचा अंदाज वाचक स्वतःच बांधतो. कोणत्याही एका कवितेत हे नाही; ते दोहोंच्या अंतरात आहे. मालिका जे करू शकते आणि सुटी कविता करू शकत नाही, ते हेच. त्यासाठी अट एवढीच, की खुंटीवरची टोपली क्षुल्लक म्हणून पहिल्या वेळी वगळलेली नसावी.

नंतर जुळविलेल्या वह्यांत नेमके हेच बिघडते. चार दिवस राहून गेले की रविवारी बसून चारही लिहून काढण्याचा मोह होतो. अशी मागाहून भरलेली पाने ओळखू येतात. चारही कवितांत हवा एकच असते, शब्द एकाच मनःस्थितीतले असतात, आणि पहिल्या दिवसाच्या नोंदीला चौथ्या दिवशी काय झाले ते आधीच ठाऊक असते. टाळेबंदी अडुसष्ट दिवस चालेल, हे २५ मार्चला कोणालाही माहीत नव्हते. ते न माहीत असणे हाच त्या दिवसाचा ऐवज होता. म्हणून चुकलेला दिवस तारीख घालून कोरा ठेवावा. रोजकीर्दीत ज्या दिवशी व्यवहार नाही, त्या दिवसापुढे खोटी रक्कम कोणी मांडीत नाही.

खतावणीचे काम सर्वांत शेवटी येते. बंदी उठल्यावर महिनाभर वही मिटून ठेवावी आणि मग नोंदी विषयवार लावाव्यात. टोपली एका खात्यात, रस्त्यावरचे आवाज दुसऱ्या, शाळेची घंटा तिसऱ्या. ज्या खात्यात तीन-चार नोंदी आहेत आणि त्यांत काही तरी बदलते आहे, ते ठेवावे. जे खाते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर लावते, ते बंद करावे. अडुसष्टांतून दहा-बारा नोंदी उरल्या, तर वही यशस्वी झाली असे मानण्यास हरकत नाही. भरतीचे शब्द या वेळी काढावेत. तारखांना आणि पाहिलेल्या वस्तूंना हात लावू नये.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. ज्यांचे वेतन महिन्याच्या अखेरीस खात्यात जमा होत होते, त्यांनाच घरात बसून सोळा अक्षरे जुळविण्याची उसंत मिळाली. ज्याची मजुरी बुडाली किंवा ज्याला शेकडो मैल चालत गावी परतावे लागले, त्याच्यासाठी घरी राहणे हा काव्याचा विषय नव्हता. हा आक्षेप नाकारता येत नाही. शिकीच्या एकांतासाठीही रित्सुचे अहोरात्र श्रम लागत होते. एका माणसाच्या एकांताची किंमत सहसा दुसरा कोणी तरी मोजीत असतो. फरक इतकाच, की शिकीच्या खासगी वहीत रित्सु आहे. तिच्यावरचा अन्याय्य रागही तेथे आहे आणि तिचे श्रमही आहेत. टाळेबंदीतील आपल्या बहुतेक कवितांत भांडी घासणारे हात दिसत नाहीत. भाजी आणून देणारा माणूस नाही आणि समोरची ओसरीही नाही. कवी आपल्या एकटेपणातच रमलेला आहे. पगारदार माणसाला मिळालेल्या उसंतीवर काही देणे असेल, तर ते हेच, की त्याच्या वहीत खिडकीपलीकडच्या खात्यालाही जागा असावी.

या लेखनाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. त्याने आजार बरा होत नाही आणि बुडालेला हंगाम परत मिळत नाही. शिकीला वेदना असह्य झाल्या की मॉर्फिनच घ्यावे लागे. कवितेने ते काम केले नाही. १८ सप्टेंबर १९०२ च्या सकाळी बहिणीने फळी धरली, शिष्याने हाती कुंचला दिला आणि त्याने शेवटची तीन हायकू लिहिली. तिन्ही दाराबाहेरच्या घोसाळ्याच्या वेलावर आहेत. कफावर उतार म्हणून त्या वेलाचे पाणी काढण्याची तेथे रीत होती आणि त्यासाठीच तो मांडव घातला होता. पहाटेच्या आत तो गेला. शेवटच्या दिवशीही नोंद झाली ती दारातल्या घोसाळ्याची.

टाळेबंदी इतिहासजमा झाली असली, तरी घरात अडकून पडण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. हाड मोडते, क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते, पुराने रस्ता तुटतो, म्हातारपण येते. अशा वेळी ज्याला वही धरावीशी वाटेल, त्याने पहिल्या पानावर जगाची स्थिती लिहू नये. समोरच्या भिंतीवर खुंटी आहे काय आणि तिला आज काय टांगलेले आहे, एवढे पाहून तारीख घालावी.